बाळंतिणीला पहिल्या भेटीत काय बोलावं: एका आजींच्या प्रतिक्रियेला उत्तर

"लेख वाचून वाईट वाटलं. 'दूध पुरतंय ना', 'नॉर्मल की सिझर', 'पहिली बेटी धनाची पेटी' हे सगळं आम्ही प्रेमानेच बोलतो. आमच्या वेळी सगळे विचारायचे, आम्ही काही कोमेजून गेलो नाही. आता बाळ बघायला जाताना तोंड शिवून बसायचं का?" — दोन नातवंडांची आजी

आजी, नमस्कार. बाळंतिणीला पहिल्या भेटीत असे प्रश्न आणि शेरे टाळावेत, असं मी त्या लेखात लिहिलं होतं. तुमच्या मायेबद्दल माझ्या मनात शंका नाही. अडचण आहे ती वेळेची. बहुतेक मंडळी भेटायला येतात ती तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, आणि बाळंतिणीचे सगळ्यात नाजूक दिवस नेमके तेच असतात. म्हणून दुधाच्या प्रश्नाबद्दल जरा सविस्तर लिहिते.

पहिले दोन-तीन दिवस आईला येतो तो चीक. तो घट्ट आणि पिवळसर असतो आणि एका वेळी चमचाभरच निघतो. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात तेवढंच मावतं, त्यामुळे ते त्याला पुरतं. पान्हा खऱ्या अर्थाने भरून येतो तो साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी. सिझर झालं असेल किंवा पहिलटकरीण असेल तर कधी आणखी एखादा दिवस लागतो. तोवर बाळाचं वजन उतरतं आणि हेही ठरल्याप्रमाणेच असतं. जन्माच्या वजनाच्या सात ते दहा टक्क्यांपर्यंत घट डॉक्टरांना अपेक्षित असते, आणि दहा ते चौदा दिवसांत बहुतेक बाळं जन्माच्या वजनावर परत येतात.

समजा सिझरने झालेलं बाळ जन्मतः २ किलो ९०० ग्रॅमचं आहे. तिसऱ्या दिवशी काटा २ किलो ६८० ग्रॅम दाखवतो. म्हणजे २२० ग्रॅम घट, साडेसात टक्क्यांच्या आसपास. बाळ जागं होऊन पितंय, लंगोट ओले करतंय, काळी शी जाऊन हिरवट-पिवळी व्हायला लागली आहे. डॉक्टरांच्या लेखी सगळं मार्गावर आहे, फक्त लक्ष ठेवायचं. अशा वेळी खोलीत कुणीतरी म्हणतं, "किती हडकलंय गं, दूध पुरत नाही वाटतं!" आईच्या छातीत अजून पान्हा भरलेला नाही, त्यामुळे तिला ते लगेच पटतं. संध्याकाळपर्यंत वरच्या दुधाचा डबा येतो. बाटलीने पोट भरलं की बाळ तीन-चार तास झोपतं आणि छातीला कमी वेळा लागतं. जितकं ओढलं जातं तितकंच दूध तयार होतं, म्हणून आता दूध खरंच कमी यायला लागतं. आई ताणात असली तर आहे ते दूधही मोकळेपणी उतरत नाही. आठवड्याभरात ते वाक्य खरं ठरतं आणि बोलणाऱ्याला वाटतं, आपण वेळेवर ओळखलं.

याचा अर्थ काळजी करूच नये असा नाही. घट दहा टक्क्यांपलीकडे गेली, पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहापेक्षा कमी लंगोट ओले झाले, बाळ प्यायला उठतच नाही किंवा पिवळेपणा पायांपर्यंत उतरला, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवायला हवं. कधीकधी डॉक्टर स्वतःच काही दिवस वरचं दूध सांगतात, आणि तेव्हा ते द्यायलाच हवं. पण हे बघणं डॉक्टर, परिचारिका आणि घरातल्या एखाद्या जाणत्या माणसाचं काम आहे. दहा मिनिटांसाठी आलेल्या पाहुण्याने बाळाचा चेहरा बघून ते ठरवू नये. तुम्ही त्या घरातली आजी असाल तर लंगोट मोजा, आईला पाणी द्या, बाळ नीट धरायला मदत करा. ती मदत प्रश्नापेक्षा कितीतरी जास्त उपयोगाची आहे.

याच दिवसांत रडूही येतं. वार पडल्यानंतर शरीरातली संप्रेरकं झपाट्याने खाली येतात, झोप नसते, टाके दुखतात, छाती भरून दगडासारखी होते. निम्म्याहून जास्त बाळंतिणींना तिसऱ्या-चौथ्या दिवशी कारण नसताना डोळ्यांत पाणी येतं आणि दोन आठवड्यांत ते आपसूक ओसरतं. आपल्याकडे पाचवीच्या पूजेला घर भरतं तेही नेमकं तेव्हाच. "एवढं गोंडस बाळ, आणि रडतेस काय?" असं म्हटलं की ती पुढचं रडू लपवायला शिकते. मग दोन आठवडे उलटूनही उदासी राहिली तरी कुणाला कळत नाही. तेव्हा मात्र डॉक्टरांकडे जायलाच हवं. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांकही चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. रडताना दिसली तर "होतं असं या दिवसांत, बस मी इथे" एवढं पुरे.

आता मुलगी झाल्यावरच्या म्हणीबद्दल. मुलगा झाला की त्याच्या बाजूने कुणी म्हण पुढे करत नाही, थेट पेढे मागतात. म्हणून मुलीच्या वेळी केलेलं कौतुक कानाला समजुतीसारखं लागतं, आणि त्याला "पुढच्या वेळी होईल मुलगा" जोडलं गेलं की शंकाच उरत नाही. "मुलगी झाली! बर्फी कुठाय?" असं म्हणा. "काय झालं?" हे विचारण्यात मला वावगं वाटत नाही. गर्भलिंगनिदानाला महाराष्ट्रात १९८८ पासून आणि देशभर १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे ती बातमी सगळ्यांनाच नवी असते. फक्त क्रम पाळा. "बाळ-बाळंतीण सुखरूप ना?" हे आधी.

नॉर्मल की सिझर, हे विचारून तुम्हाला पुढे करायचं काय असतं? उत्तर "सिझर" आलं की बहुतेकांच्या तोंडून "अरेरे" किंवा "हल्ली डॉक्टर थांबतच नाहीत" निघतं. पोटावर टाके असलेल्या बाईला त्याचा उपयोग नाही. तिला सांगावंसं वाटलं तर ती स्वतः सांगेल. रंग आणि नाकडोळे यांवरही बोलू नका, पहिल्या काही महिन्यांत दोन्ही बदलतात.

आणि बोलायचं काय? फोन करू नका, निरोप लिहा: "दोघांचं मनापासून अभिनंदन! बाळाला खूप आशीर्वाद. उत्तराची घाई नाही. गुरुवारी संध्याकाळी चौघांच्या पोळ्या-भाजीचा डबा दारात ठेवून जाते." "काही लागलं तर सांग" म्हटलं की काय मागायचं हे ठरवायचं काम तिच्यावरच येतं. दिवस, वेळ आणि माणसं सांगितली की तिला फक्त "हो" म्हणायचं उरतं. डबा घरच्यांसाठी असू द्या. बाळंतिणीचं पथ्य प्रत्येक घरी निराळं असतं, म्हणून डिंकाचे किंवा अळिवाचे लाडू न्यायचे तर आधी तिच्या आईला विचारा.

बाळ काचेच्या पेटीत असेल तरीही अभिनंदन करा. लोक अशा वेळी बिचकून गप्प बसतात किंवा "कशामुळे झालं असं?" विचारतात, आणि आईला वाटतं आपल्या बाळाचा जन्म कुणी साजराच केला नाही. "अभिनंदन. बाळ आज कसं आहे?" असं विचारा. त्यातला "आज" महत्त्वाचा, कारण पुढचं कुणालाच सांगता येत नसतं. बाळाच्या बाबालाही, आजी, एकदा विचारा की तो जेवला का. त्या आठवड्यात त्याला हे क्वचितच कुणी विचारतं.