निरोपाचा मेल लिहिताय? मग एवढं कराच!

नोकरी सोडताय ना? अभिनंदन! मग शेवटच्या दिवशी सगळ्यांना मेल टाकायलाच हवा. परवाच आमच्या शेजारच्या टेबलावरचा गडी असा मेल टाकून गेला. नमुना इतका अस्सल, की तो पुढे ठेवूनच या युक्त्या सांगतोय.

मजकूर स्वतः लिहू नका. नेटवर तयार मिळतो. 'जड अंतःकरणाने', 'हा अविस्मरणीय प्रवास', 'तुम्ही सहकारी नव्हे, माझं कुटुंब'. फक्त चौकटी कंसातलं 'कंपनीचे नाव' तेवढं तसंच राहू द्या, म्हणजे कुटुंब नक्की कुठलं हे गुलदस्त्यात राहतं.

विषयाच्या जागी 'लास्ट वर्किंग डे'. कोणाचा, ते उघडून बघतील लोक.

सगळ्या ऑफिसचे पत्ते 'टू'मध्ये घाला. 'बीसीसी'त घातले तर रिप्लाय ऑल दाबूनही उत्तर एकट्या तुम्हालाच येईल, मग बाकीच्यांनी दिवसभर एकमेकांचे 'ऑल द बेस्ट' कसे वाचायचे?

आभार पदाप्रमाणे माना. आधी मोठे साहेब, मग छोटे साहेब, मग एचआर. तुमची अर्धी कामं निस्तरणारे 'आणि इतर सर्व'मध्ये येतातच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वेळ. लॅपटॉप जमा करायच्या पाच मिनिटं आधी मेल सोडा. तोवर निम्मं ऑफिस घरी गेलेलं असतं, उठून भेटायला येण्याची भानगड नाही. खाली 'संपर्कात राहू या' लिहायचं आणि नंबर द्यायचा नाही. त्याच्या मेलखाली काय होतं? ऑफिसची आपोआप चिकटणारी सही! त्यात ऑफिसचाच मेल आणि टेबलावरचं एक्स्टेंशन. मी घरी जाऊन, जेवण झाल्यावर, नीट विचार करून उत्तर लिहिलं. पाठवलं आणि लगेच परत आलं, खातं बंद. आणि ते एक्स्टेंशन? ते माझ्याच कानाशी वाजतं! 'त्यांची फाईल आता कोणाकडे' म्हणून विचारतात लोक. मला काय माहीत? मेलमध्ये प्रवास होता, फाईल नव्हती.

अरे बाबा, चार ओळी लिहायला काय जात होतं तुझं? दुपारी जेवणाआधी बसायचं आणि लिहायचं: 'आज माझा शेवटचा दिवस. माझं काम उद्यापासून अमक्याकडे. सर्व्हर बसला त्या रात्री तुम्ही दोघं माझ्यासाठी थांबलात, ते लक्षात आहे. हा माझा नंबर.' झालं! त्या एका रात्रीच्या उल्लेखात सगळा जिव्हाळा येतो, वर 'जड अंतःकरण' लागत नाही. जवळच्या चार जणांना वेगळं लिहायचं, त्यांना घाऊक मेलमध्ये कोंबायचं नाही. आणि साहेबांचे आभार मानायचे होते तर केबिनमध्ये जाऊन मानायचे होतेस, आख्ख्या ऑफिसला कशाला वाचायला लावलंस?