कानांचं उत्तर सोपं आहे, शेपटीचं नाही

"मावशी, डॉबरमनचं पिल्लू बुक केलंय. शेपूट त्यांनी चौथ्या दिवशीच कापली. कान अडीच महिन्यांचं झालं की कापून देतो म्हणतात. तुमच्याकडे बंदी आहे हे माहितीय, पण आपल्याकडे शेतावर ठेवायचंय तर काय करायचं?"

कोल्हापूरजवळच्या भाच्याला मी फोनवर सांगितलं की कान मुळीच कापू नकोस. कारणं मात्र नीट लिहून काढावीत असं वाटलं, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि आता स्कॉटलंडमध्ये, पर्थशरच्या ग्रामीण भागात दवाखान्यात काम करते. त्यामुळे दोन्हीकडचे वाद कानावर पडत असतात.

आधी कानांबद्दल. पिल्लू सात ते बारा आठवड्यांचं असताना त्याला भूल देऊन कानाच्या पाळीचा मोठा भाग कापतात आणि कडा शिवतात. टाके काढून काम संपत नाही. कूर्चा आपोआप ताठ उभी राहत नाही, म्हणून कान वर ओढून आधाराला टेप गुंडाळतात. ती दर काही दिवसांनी काढून नव्याने बांधावी लागते आणि हे कित्येक आठवडे, कधी महिनोन् महिने चालतं. टेपखाली ओल राहिली की कातडी सोलवटते आणि वास येऊ लागतो. पिल्लू सारखं डोकं झटकतं किंवा एका बाजूला कलतं ठेवतं. व्रण आकसला तर कान आत ओढला जातो, मग दुरुस्तीसाठी पुन्हा भूल. कोल्हापूरच्या पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी बसली की अळ्या पडायला वेळ लागत नाही.

याहून मोठी गोष्ट वयाची आहे. माणसांशी, आवाजांशी, अनोळखी वस्तूंशी पिल्लाची ओळख पक्की होते ती साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यात. नेमक्या त्याच दिवसांत डोक्याकडे येणारा प्रत्येक हात त्याला दुखवणारा ठरतो. पार्व्हो या संसर्गजन्य आजाराचं लसीकरणही तेव्हा अर्धवट असतं आणि त्याच पिल्लाला टेप बदलायला वारंवार दवाखान्यात न्यावं लागतं, जिथे आजारी कुत्री येऊन गेलेली असतात. कापलेल्या कानाचं कुत्रं जास्त राखणदार होतं असं भाच्याचे वडील म्हणतात. राखण कानाच्या आकारातून येत नाही. अनोळखी माणूस आणि घरचा माणूस यांतला फरक ज्याला लहानपणी शिकायला मिळाला, ते कुत्रं राखण करतं.

"पण लोंबत्या कानांत इन्फेक्शन होतं ना?" असं पिल्लू विकणाऱ्याने भाच्याला सांगितलं होतं. यात अर्धं खरं आहे. ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या नोंदींवर झालेल्या मोठ्या अभ्यासात लोंबत्या कानांच्या कुत्र्यांना कानदुखी जास्त होते असं दिसलं. पण त्या यादीत वर होते बॅसेट हाउंड, शार पे, बीगल, गोल्डन रिट्रीव्हर. यांतल्या एकाचेही कान कोणी कापत नाही. रोग टाळण्यासाठी ही प्रथा असती, तर कात्री आधी त्यांच्याकडे वळली असती. बहुतेक कानदुखीच्या मुळाशी ॲलर्जी असते, आणि पाळी कापून ॲलर्जी जात नाही.

म्हणून कानांच्या बाबतीत मला दुसरी बाजू दिसत नाही. ब्रिटनच्या केनेल क्लबने कापलेल्या कानांची कुत्री प्रदर्शनातून 1898 मध्येच बाहेर काढली. डॉबरमनचं मूळ गाव जर्मनीतलं आपोल्डा. त्या जर्मनीने कान कापण्यावर 1986 च्या कायद्याने बंदी आणली आणि शेपटी कापण्यावर 1998 मध्ये. या जातीचं आंतरराष्ट्रीय मानकही आता नैसर्गिक कान आणि पूर्ण शेपूट मागतं. 'खरा डॉबरमन असाच दिसतो' हे वाक्य त्याच्या जन्मभूमीत आज टिकत नाही.

शेपटीकडे आलं की मला सावकाश बोलावं लागतं, आणि 'तुमच्याकडे बंदी आहे' या समजुतीलाही इथेच अडखळायला होतं. स्कॉटलंडने 2007 मध्ये शेपटी कापण्यावर सरसकट बंदी आणली. इंग्लंडने मात्र कामाच्या काही जातींना सूट ठेवली. स्कॉटलंडमध्ये झुडपांत शिकार हुसकणारे स्पॅनियल पाळणाऱ्यांची तेव्हापासून तक्रार होती. माझ्या दवाखान्यात येणारा एक गेमकीपर, म्हणजे शिकारीच्या रानाची आणि पक्ष्यांची देखभाल करणारा माणूस, आयुष्यभर स्पॅनियल वापरत आला आहे. काटेरी गॉर्स आणि ब्रॅम्बलमध्ये शिरलेलं कुत्रं वासाच्या नादात शेपूट जोरजोराने हलवतं, टोक काट्यांवर फाटतं, आणि एकदा भरलेली जखम पुढच्या आठवड्यात पुन्हा उघडते. हे तो ऐकीव सांगत नाही. मीही अशा शेपट्यांवर पट्ट्या बांधल्या आहेत, आणि त्या पट्ट्या टिकत नाहीत. शेवटी मोठ्या कुत्र्याला भूल देऊन शेपूट कापावी लागते, आणि ते पिल्लाच्या शस्त्रक्रियेपेक्षा जड जातं, हे त्याचं म्हणणं बरोबर आहे.

मग आकडे काय म्हणतात? ब्रिटनमधल्या 52 दवाखान्यांतल्या एक लाख अडतीस हजारांवर कुत्र्यांची पाहणी 2010 मध्ये प्रसिद्ध झाली. शेपटीच्या जखमा 281 निघाल्या. एक जखम टाळायला साधारण 500 पिल्लांच्या शेपट्या कापाव्या लागतील असा हिशेब आला. पण त्यात घरात सोफ्यावर लोळणारी कुत्रीही होती. स्कॉटलंडमध्ये फक्त कामाच्या कुत्र्यांच्या मालकांना विचारलं, तेव्हा एका हंगामात 13.5 टक्के कुत्र्यांना शेपटीची इजा झालेली निघाली, आणि शेपूट न कापलेल्या स्पॅनियलांत तर निम्म्याहून जास्त. अर्थात ज्यांच्या कुत्र्याला इजा झाली, ते अशी प्रश्नावली जास्त उत्साहाने भरतात. शिवाय त्यांतल्या बऱ्याच इजा किरकोळ असतात. दवाखान्यांच्या नोंदी पाहणाऱ्या दुसऱ्या अभ्यासात, पुढे एक शेपूट कापावी लागू नये म्हणून 320 स्पॅनियल पिल्लांच्या शेपट्या कापाव्या लागतील असं दिसलं.

या पुराव्यावर स्कॉटलंडने 2017 मध्ये कायदा थोडा सैल केला. फक्त स्पॅनियल आणि शिकार शोधून आणणाऱ्या काही जाती, शेपटीचा फक्त शेवटचा एक तृतीयांश भाग, वय पाच दिवसांच्या आत, आणि कुत्रं खरंच कामाला जाणार याचा पुरावा पशुवैद्याला पटला तरच. ब्रिटिश पशुवैद्यक संघटनेने या सवलतीला विरोध केला. मीही विरोधातच आहे, कारण पाच दिवसांच्या पिल्लाकडे पाहून ते पुढे गॉर्समध्ये जाईल की एडिंबरातल्या फ्लॅटमध्ये, हे कोणी सांगू शकत नाही. पण गेमकीपरशी बोलताना मी त्याला क्रूर म्हणू शकत नाही. तो कुत्र्याच्या वेदनेचीच गोष्ट करतो आहे. आमचा वाद अजून मिटलेला नाही.

एका गोष्टीवर मात्र वाद उरू नये, ती म्हणजे 'इतक्या लहान पिल्लाला दुखत नाही.' आम्हाला हे कोणी ना कोणी हमखास ऐकवत असे. नसांवरचं वेष्टन तयार झालेलं नसतं म्हणून वेदना पोचत नाही, असं त्यामागचं स्पष्टीकरण. पण वेदनेचा बराच भाग वाहणाऱ्या बारीक नसांना मोठ्या कुत्र्यातही ते वेष्टन नसतं. उलट वेदना दाबणारी यंत्रणा जन्मानंतर हळूहळू तयार होते. ऑस्ट्रेलियात 1996 च्या अभ्यासात डॉबरमन, रॉटवायलर आणि बूव्हिए जातींच्या 50 पिल्लांचं शेपूट कापताना निरीक्षण केलं, तेव्हा सगळीच पिल्लं ओरडली. थोड्या मिनिटांत ती शांत झाली हेही त्यात नोंदलं आहे, आणि पिल्लू विकणारे तेवढंच सांगतात. शिवाय आईला लुचणं हेच पिल्लाचं वेदनाशामक असतं. त्यामुळे पिल्लू लुचू लागलं, म्हणजे त्याला काही झालं नाही असा अर्थ काढता येत नाही.

गेमकीपरचा युक्तिवाद भाच्याच्या डॉबरमनला मात्र लागूच होत नाही. तो उसाच्या फडात ससे हुसकणार नाही, घरासमोर बसणार आहे. शेपूट न कापलेल्या डॉबरमनची पातळ केसांची लांब शेपूट भिंतीवर आपटून टोकाला जखम होऊ शकते, विशेषतः अरुंद पिंजऱ्यात. त्यावर पिंजरा मोठा करणं हा पहिला इलाज आहे. तरीही जखम सारखी होत राहिली, तर त्या एका कुत्र्यापुरता शस्त्रक्रियेचा विचार करता येतो.

फोनवर आत्याही होती. तिने मध्येच विचारलं, "मग आपल्याकडे महापालिकेची माणसं भटक्या कुत्र्यांचे कान कापतात, ते चालतं का?" नसबंदीच्या वेळी भूल दिलेलीच असते, तेव्हा कानाच्या कडेला छोटी खाच पाडतात, म्हणजे तेच कुत्रं पुन्हा पकडून पोट उघडलं जात नाही. त्या खाचेचा फायदा कुत्र्याला होतो. डॉबरमनच्या कापलेल्या कानाचा फायदा कोणाला होतो, हे आत्याला मी विचारलं, आणि तिने फोन जावयाकडे दिला.

पुण्यात दवाखाना असलेल्या माझ्या वर्गमित्राची अडचण वेगळी आहे. त्याने नकार दिला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊन, कदाचित भुलेशिवाय, करून घेतं असं तो म्हणतो. भीती खरी आहे. ब्रिटनमध्ये कान कापणं बेकायदा असूनही आरएसपीसीए या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडे आलेल्या तक्रारी 2015 मध्ये 14 होत्या, 2020 मध्ये 101 झाल्या. परदेशातून कापलेल्या कानांची कुत्री आणता येत असल्यामुळे, इथेच कापलेले कानही 'बाहेरचे' म्हणून खपवले जात. म्हणून डॅनी चेंबर्स या पशुवैद्य असलेल्या खासदाराने अशी कुत्री आणण्यावर बंदीचं विधेयक संसदेत मांडलं. कायद्याची फट कुठे आहे ते शोधून बुजवावं लागतं, इथेही आणि तिथेही.

भारतात ती फट जुनी आहे. प्राण्यांना क्रूर वागणूक देण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा अवयव छाटणं गुन्हा मानतो, म्हणजे हा विचार आपण परदेशातून उसना घेतलेला नाही. भारतीय पशुवैद्यक परिषदेने 2011 मध्ये शेपूट आणि कान कापू नयेत असं परिपत्रक काढलं. केनेल क्लब ऑफ इंडियाने त्याला आव्हान दिलं आणि मद्रास उच्च न्यायालयाने 2013 मध्ये ते रद्द केलं. तेव्हापासून 'कोर्टाने परवानगी दिली' असं सर्रास सांगितलं जातं. एक परिपत्रक रद्द होणं आणि कात्रीला मान्यता मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परिषदेने आणि राज्यांनी स्पष्ट नियम आणावा असं मला मनापासून वाटतं. वर्गमित्राला तेव्हा एकट्याने गिऱ्हाईक गमवावं लागणार नाही.

तोपर्यंत एक गोष्ट विकत घेणाऱ्याच्या हातात आहे. कानांचा निर्णय पिल्लू घरी आल्यावर घेता येतो, पण शेपटीचा निर्णय गिऱ्हाईक पिल्लू पाहण्याआधीच झालेला असतो. ज्याला पूर्ण शेपटीचं पिल्लू हवं, त्याने कुत्री गाभण असतानाच, त्या 63 दिवसांत कधीतरी, विकणाऱ्याला तसं सांगून इसार द्यायला हवा. भाच्याने काल कळवलं की कान न कापता पिल्लू द्यायला माणूस तयार झाला आहे. त्याच्या मित्राला पुढच्या वेतातलं पिल्लू शेपटीसकट हवं आहे, त्यावर मात्र "बघू" एवढंच उत्तर मिळालं.