'दे[..]न' मधली दोन टिंबं

प्रतिक्रिया: "फोंड्याकडच्या हिशेबवहीचं पान वाचलं. जागोजागी कंस आणि टिंबं! 'दे[..]न' म्हणजे 'देवस्थान' हे कुणालाही कळेल. सरळ लिहून टाकायला काय हरकत होती? वाचणाऱ्याला उगाच अडखळायला होतं."

नमस्कार. मोडीतल्या त्या पानावरची पूर्ण ओळ, देवनागरीत उतरवलेली, अशी आहे: 'भात कुडव ३ दे[..]न बाकी कुडव ५'. तुमच्या वाचनाने देवस्थानाच्या नावावर पाच कुडव बाकी राहते. माझ्या आईने तीच ओळ 'देऊन' अशी वाचली, म्हणजे तीन कुडव दिले आणि पाच उरले. देवस्थानाचा संबंधच नाही. वाक्य दोन्हीकडे नीट लागतं.

मग मी पट्टी घेतली. कसरीने पाडलेलं भोक ८ मिलिमीटर रुंद आहे. वरच्या धड ओळीत त्याच हाताची दहा अक्षरं ४० मिलिमीटरमध्ये बसली आहेत, म्हणजे भोकात साधारण दोन अक्षरांची जागा. 'वस्था'ची दोन अक्षरं तिथे बरोबर बसतात. पण याच लिहिणाऱ्याचा 'ऊ' दोन ओळी वर सापडला, तो एकटाच ७ मिलिमीटर पसरलेला. त्यामुळे मोजमापानेही निकाल लागला नाही. टिंबं दोन आहेत ती फक्त जागा सांगतात, शब्द नाही. जागेचा अंदाजच येत नसेल, उदाहरणार्थ कोपरा फाटला असेल, तर मी [---] लिहितो. मोडीत शब्द सुटे लिहीत नसत, म्हणून तिथे 'एक शब्द अवाच्य' असं लिहिणंही अंदाजच ठरतं; अक्षरांची जागाच सांगावी.

त्याच पानावर 'कुळ?' असंही दिसलं असेल. तिथे शाई आहे, पण पावसाळ्यातल्या दमटपणाने पसरली आहे. शंका असलेल्या अक्षरामागे प्रश्नचिन्ह येतं. शिलालेख वाचणारे अशा अक्षराखाली टिंब देतात, पण देवनागरीत ते नुक्ता वाटेल म्हणून मी टाळतो. भोक आणि डाग यांच्या खुणा वेगळ्या ठेवल्या आहेत, कारण डाग उद्या तिरप्या उजेडात कुणी वाचू शकेल. भोकातली शाई गेली ती गेली.

पूर्वी एका पानात डागाखालचा शब्द मी असाच कुठल्याही खुणेशिवाय 'मंदिर' म्हणून लिहिला होता. एका अभ्यासकाने तो देणग्यांच्या यादीत घेतला. नंतर मूळ पान तिरप्या उजेडात धरलं तर तिथे 'मजूर' निघालं. यादी तोवर इतरांकडे पोचली होती, आणि माझ्या वाचनात खूण नसल्याने कुणाला शंका येण्याचं कारणच नव्हतं.

तुमची एक गोष्ट मात्र खरी: अंदाज कुठेच न देणं ही माझी चूक होती. ओळ तशीच राहील, पण तिच्याखाली आज टीप जोडली आहे: 'देऊन' किंवा 'देवस्थान', भोक ८ मिमी, कसर.