ओलं सरपण जास्त वेळ पुरतं का?

"ओलं लाकूड सावकाश जळतं, म्हणून ते जास्त पुरतं. धूर काय, बाभळीचा असतोच."

नाही. धूर बाभळीमुळे नसून तिच्यातल्या पाण्यामुळे होतो.

समजा, नुकत्याच तोडलेल्या 5 किलो बाभळीत 2 किलो पाणी आहे. ते उकळून उडवायला उरलेल्या 3 किलो कोरड्या लाकडाच्या उष्णतेपैकी साधारण दहावा हिस्सा लागतो. एवढंच नुकसान असतं तर चाललं असतं. पण वाफ निघत असेपर्यंत लाकूड आणि जाळ दोन्ही थंड राहतात. तापलेल्या लाकडातून ज्वलनशील वायू सुटतात, त्यांना पेट घ्यायला सुमारे 600 अंश सेल्सिअस तापमान लागतं. ते न मिळाल्यानं वायू न जळताच डांबराचे बारीक थेंब होऊन वर जातात. डोळ्यांत जाणारा पांढरा धूर तो हाच. म्हणजे सरपणच धूर होऊन निघून जातं आणि भाकरीला जास्त लाकूड लागतं.

लाकूड नुसतं ठेवून लवकर वाळत नाही, कारण साल पाणी अडवते. ओंडका फोडून मनगटाएवढ्या ढलप्या केल्या की आतला भाग उघडा पडतो. मार्चमध्ये फोडून, जमिनीपासून उचलून, वारा खेळेल असं रचलं तर पावसाळ्यापूर्वी बरंच वाळतं. पाऊस आला की वरून झाकावं, बाजू मोकळ्या ठेवाव्यात.

एकच ढलपी दर आठवड्याला तोला. वजन उतरायचं थांबलं की ती तयार. जळताना टोकाशी फेस आला, चर्र आवाज झाला, तर अजून ओली आहे. मात्र चूल ठासून भरली तर वाळलेलं लाकूडही हवेअभावी धुरतंच.