गोव्याचा कायदा: फॉरवर्डमध्ये काय सुटतं

"गोव्यात १८६७ पासून सगळ्या धर्मांना एकच कायदा आहे. कलम ४४ नुसार तो देशभर आणणं सरकारवर बंधनकारक आहे, कोर्टात गेलं की लगेच होईल. आणि त्याने फक्त मुस्लिमांचं बदलेल, आपलं काहीच बदलणार नाही."

समान नागरी कायद्यावर असा फॉरवर्ड फिरतोय. तुम्ही कॉन्स्टिट्यूशनल लॉ शिकताय म्हणून आधी कोर्टाचं बघू. कलम ४४ म्हणतं की समान नागरी कायद्यासाठी राज्य प्रयत्नशील राहील, पण ते मार्गदर्शक तत्त्वांच्या भागात बसलंय आणि कलम ३७ सरळ सांगतं की ही तत्त्वं कोर्टातून अंमलात आणता येत नाहीत. कायदा करायचा तर संसदेने किंवा विधानसभेने, कारण लग्न-वारसा समवर्ती सूचीत आहे. त्यामुळेच उत्तराखंड २०२४ मध्ये स्वतःचा कायदा करू शकलं, आणि त्यातही अनुसूचित जमातींना बाहेर ठेवलंय.

गोव्याबद्दल अर्धं खरं आहे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता तिथे १८७० मध्ये लागू झाली, आणि १९६१ ला गोवा मुक्त झाल्यावरही ती तशीच चालू ठेवली. १९३७ चा शरीयत कायदा तिथे नाहीच, हेही खरं. पण "सगळ्यांना एकच" म्हणताना १८८० ची डिक्री विसरतात लोक. त्यात हिंदू पुरुषाला, बायको पंचविशीची होईपर्यंत मूल झालं नाही तर काही अटींवर दुसरं लग्न करायची सवलत लिहिलेली होती, तीही फक्त हिंदूंना! कॅथलिकांना चर्चमध्ये लग्न लावायची वेगळी वाट आहे, बाकीच्यांना रजिस्ट्रारकडे दोनदा सह्या कराव्या लागतात.

आता "आपलं काहीच बदलणार नाही" हे मला सगळ्यात खटकतं. समजा नवऱ्याने लग्नानंतर स्वतःच्या कमाईतून ४० लाखांचा फ्लॅट घेतला, बायको आहे, दोन मुलं आहेत, आणि त्याने मृत्युपत्रात सगळं पुतण्याला लिहून दिलं. पुण्यातला हिंदू असेल तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम ३० प्रमाणे ते चालतं, बायकोमुलांना फ्लॅटमध्ये वाटा मिळत नाही, फारतर पोटगी मागता येईल. मुस्लिम असेल तर वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशच्या वर मृत्युपत्राने देता येत नाही. आणि गोव्यात, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, २० लाख मुळात बायकोचेच, वारसा म्हणून नाही तर तिचा स्वतःचा अर्धा. उरलेल्या २० पैकी १० मुलांसाठी राखीव, पुतण्याला जास्तीत जास्त १०.

म्हणजे गोव्याचं मॉडेल देशभर नेलं तर हिंदू पुरुषाला आज मृत्युपत्राची जी मोकळीक आहे ती कापावी लागेल. मला स्वतःला तो बदल हवाय, बायकोचा अर्धा वाटा लग्नापासूनच पक्का असायला हवा. पण मग फॉरवर्ड करणाऱ्याने घरच्यांना हेही सांगावं की आपल्याही सातबाऱ्यापर्यंत, फ्लॅटपर्यंत हे येणार आहे.