क्लिक येईपर्यंत स्पीड वाढवा म्हणे!

> "फुल स्पीड काढायची सोपी ट्रिक: एक्स्ट्रूडर क्लिक मारेपर्यंत स्पीड वाढवत न्या, मग १० टक्के कमी करा, तोच तुमचा मॅक्स फ्लो. एकदा काढला की सगळ्या फिलामेंटला चालतो. बॉक्सवर ३०० लिहिलंय म्हणजे ३०० ला चालवा बिनधास्त."

गणपतीच्या मखराच्या ऑर्डरी सुरू झाल्या की हा मेसेज थ्रीडी प्रिंटरवाल्यांमध्ये रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत सगळीकडे फिरायला लागतो, आणि मग जाळीचे पॅनल हातात घेतल्यावर कडाकडा मोडतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊया.

पहिलं क्लिकचं. क्लिक येतो तेव्हा फिलामेंट ढकलायची मोटर हरलेली असते किंवा गिअर फिलामेंटवर घसरलेला असतो, पण माल कमी यायला त्याच्या बरंच आधी सुरुवात झालेली असते, कारण हॉटएंडमधून जाताना फिलामेंट आतपर्यंत वितळायला वेळच मिळत नाही. हे कानाला कळत नाही, काट्यावर कळतं. सोनाराकडे असतो तसला ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा घ्या, नोझल बेडपासून चांगला वर उचला, थोडं फिलामेंट काढून टाका आणि मग हे:

```
M109 S210
M83
G1 E200 F50
```

१.७५ च्या फिलामेंटला F म्हणजे साधारण फ्लो गुणिले २५, म्हणजे F50 ला सेकंदाला २ घन मिमी. एवढ्या हळू कुठलाही धड हॉटएंड पूर्ण माल देतो, तेव्हा हे वजन आपलं माप. पीएलएचं २०० मिमी साधारण ०.६० ग्रॅम भरतं, तुमचं ०.५९ आलं तर ०.५९ धरा, हिशोबातल्या आकड्याच्या मागे लागू नका. मग F200, F250, F300 असं चढवत जा आणि प्रत्येक गोळा वेगळा तोला. (प्रिंटरवर क्लिपर फर्मवेअर असेल तर तो एका वेळी ५० मिमीच्या वर सोडत नाही, `max_extrude_only_distance` वाढवावं लागतं.)

माझ्याकडच्या साध्या व्ही६ टाइप हॉटएंडवर, ०.४ नोझल आणि २१० डिग्रीला, F250 पर्यंत ०.५९ येत होतं, F300 ला ०.५७, F350 ला ०.५४, आणि क्लिक कुठे? F400 ला, म्हणजे १६ घन मिमीवर. आता मेसेजवाल्याचा हिशोब लावा, १६ मधून १० टक्के गेले की १४.४, आणि तिथे दहातला एक भाग माल गायब आहे, आवाज एक नाही. वॉल पातळ, इन्फिल वॉलला धड चिकटत नाही, वरच्या लेयरला रेषांमध्ये फटी. माझ्या मते १२ ला घसरण दिसली तर १० च्या वर जाऊच नये, कारण हवेत सोडलेल्या मालाला पुढे अडथळा नसतो, प्रिंट करताना नोझल खालच्या लेयरवर दाबून माल सोडतो.

आता ३०० चं. फ्लो म्हणजे लेयरची उंची गुणिले लाइनची रुंदी गुणिले स्पीड. ०.२ चा लेयर, ०.४५ ची लाइन, सेकंदाला ३०० मिमीचा स्पीड म्हणजे सेकंदाला २७ घन मिमी, आणि आपल्याकडे आहेत १०. १० भागिले ०.०९ केलं की १११ येतात, बस्स. ०.३ चा लेयर केलात तर ७४ च. बॉक्सवरचा आकडा डोकं किती जोरात पळतं त्याचा आहे, प्लास्टिक किती वितळतं त्याचा नाही. १० हा आकडा स्लायसरमध्ये फिलामेंटच्या सेटिंगमध्ये `Max volumetric speed` ला टाका, मग वॉल, इन्फिल सगळीकडे स्पीड कितीही लिहा, तो स्वतःच आवरतं घेतो.

ती सेटिंग प्रिंटरच्या पानावर नाही, फिलामेंटच्या पानावर आहे, यातच "सगळ्यांना चालतो" चं उत्तर आलं. पीईटीजी सहसा पीएलएपेक्षा कमी फ्लो देतं, टीपीयू तर फारच कमी. टेंपरेचर बदललं तरी आकडा बदलतो, २१० चा आकडा २०० ला चालणार नाही.

आणि आपल्याकडची खास गोष्ट, जुलैतला उघडा राहिलेला रोल. दमट फिलामेंट नोझलमधून फट्फट् आवाज करत येतं, आत वाफेचे बुडबुडे, पण वजन जवळपास तेवढंच भरतं, म्हणजे काट्यावर पास आणि प्रिंटमध्ये नापास. पीएलए आधी ड्रायरमध्ये ४५-५० डिग्रीला पाच-सहा तास ठेवा, मग टेस्ट. गोळ्याची तार मोडून बघा, आत फेसासारखी भोकं दिसली तर अजून सुकलेलं नाही.