अल्फा 0.1 टाकून गर्दी दिसत नाही

> "स्कॅटर प्लॉटमध्ये हजारो ठिपके एकमेकांवर बसत असतील तर alpha = 0.1 टाका, विषय संपला. दहा ठिपके एकावर एक आले की रंग पूर्ण गडद होतो, म्हणजे गर्दी आपोआप दिसते. षटकोनी कप्पे आणि कंटूर खरा डेटा लपवतात."

या सल्ल्यातलं आधी दहाचं गणित. अल्फा म्हणजे ठिपक्याची अपारदर्शकता; ती 0.1 असताना प्रत्येक नवा ठिपका खाली उरलेल्या पांढऱ्याचा दहावा हिस्साच झाकतो. त्यामुळे n ठिपक्यांनंतरचा गडदपणा `1 - 0.9^n` इतका असतो. दहा ठिपक्यांना तो 65 टक्के भरतो, 99 टक्क्यांवर जायला 44 ठिपके लागतात. मात्र त्यापुढे ठिपके 50 असोत की 5,000, डोळ्याला काळा रंग तोच.

"गर्दी आपोआप दिसते." खरी अडचण इथे आहे, आणि ती R भाषेतल्या `ggplot2` पॅकेजसोबत येणाऱ्या `diamonds` या डेटावर कुणालाही तपासता येईल. त्यात 53,940 हिरे आहेत. आडव्या अक्षावर कॅरट, उभ्यावर डॉलरमधली किंमत घ्या. चित्र साधारण 700 पिक्सेल रुंद असेल तर 0.01 कॅरटच्या वाट्याला जेमतेम दीड पिक्सेल येतो, म्हणजे पाच पिक्सेलच्या ठिपक्याखाली शेजारची दोन-तीन वजनं एकत्र येतात. 0.30 ते 0.32 कॅरटचे 6,693 हिरे आहेत आणि त्यातले बहुतेक हजार डॉलरच्या आतले, त्यामुळे ते एवढ्याशा पट्टीत कोंबले जातात. 1.00 आणि 1.01 कॅरटचे मिळून 3,800 आहेत, पण त्यांच्या किमती कित्येक हजार डॉलरभर पसरल्या आहेत. दोन्हीकडच्या दाटीत कित्येक पटींचा फरक आहे. तरी अल्फा 0.1 वर दोन्ही भाग कधीच 44 च्या पुढे गेलेले असतात आणि सारखेच काळे दिसतात.

मग अल्फा आणखी कमी करावा, 1/200 वगैरे? दाट भागात फरक दिसू लागतो, हे खरं. पण चार कॅरटच्या वरचे फक्त पाच हिरे आहेत. त्यातला 5.01 कॅरटचा हिरा अर्ध्या टक्क्याच्या गडदपणाने छापला की पांढऱ्या कागदावर दिसतच नाही. दाटी आणि तुरळक ठिपके, दोन्ही एकाच अल्फात सांभाळता येत नाहीत. काही हजार ठिपके असतील आणि दाटी फार विषम नसेल, तर पारदर्शकता उत्तम चालते, मीही तिथे तीच वापरतो. इथे ती पुरत नाही.

षटकोनी कप्पे काय लपवतात? कप्प्यात किती हिरे आहेत हे ते मोजून सांगतात आणि सूचीवरून तो आकडा वाचता येतो. काळ्या डागातून असा आकडा काढता येत नाही. फक्त रंगाची पट्टी लॉगरिदमिक ठेवायला हवी, नाहीतर सगळा रंग 0.3 कॅरटच्या दाटीवर खर्च होतो आणि बाकीचे कप्पे एकाच छटेत जातात.

```r
library(ggplot2)  # hexbin पॅकेजही लागतं
ggplot(diamonds, aes(carat, price)) +
  geom_hex(bins = 60) +
  scale_fill_viridis_c(transform = "log10")
```

एका हिऱ्याचा कप्पाही यात रंगतो, रिकामा कप्पा कोरा राहतो. म्हणून ते पाच मोठे हिरे जागेवर दिसतात.

लपतं ते कप्प्याच्या रुंदीमुळे, आणि हा आक्षेप मला रास्त वाटतो. `bins` दिलं नाही तर आडवे 30 कप्पे पडतात, प्रत्येक सुमारे 0.16 कॅरटचा. या डेटात 0.99 कॅरटचे हिरे 23 आणि 1.00 चे 1,558. ही उडी त्या एका कप्प्यात गडप होते. कप्पे 0.01 च्या आसपास नेले तर वेगळीच भानगड होते: वजनं दोनच दशांशांपर्यंत नोंदलेली आहेत, त्यामुळे काही कप्प्यांत दोन वजनं पडतात, काहींत एक, आणि डेटात नसलेले उभे पट्टे उमटतात. कप्प्यांची संख्या बदलली की पट्टे सरकत असतील, तर ते डेटातले नाहीत असं समजावं. 0.99 आणि 1.00 मधली उडी पाहायची तर कॅरटचा 0.01 रुंदीचा साधा हिस्टोग्राम काढावा.

कंटूरबद्दल मात्र मी निम्मा सहमत आहे. `geom_density_2d` प्रत्येक हिरा आजूबाजूला पसरवून घनता काढतं आणि समान घनतेच्या रेषा आखतं. या डेटात 1,455 ते 1,545 डॉलर किमतीचा एकही हिरा नाही. ती मोकळी पट्टी कंटूर गुळगुळीत करून टाकतात, आणि चार कॅरटच्या वरचे पाच हिरे कुठल्याच रेषेत येत नाहीत. पण दोन-तीन गटांची तुलना करायची असेल, तर तिथे रंगीत ठिपके फसवतात, कारण शेवटी काढलेला गट वर बसतो, पारदर्शक असला तरी. रेषा एकमेकींवरून गेल्या तरी दोन्ही वाचता येतात. अशा वेळी मी कंटूर काढतो आणि सर्वांत बाहेरच्या रेषेपलीकडचे हिरे पूर्ण गडद ठिपक्यांनी वरून टाकतो.